निळा पॅनल, काळा पॅनल आणि मस्तगडची गच्ची

निळा सोलर पॅनल म्हणजे पॉली आणि काळा म्हणजे मोनो, अशी ओळख बाजारात रूढ आहे. बहुतेक वेळा ती बरोबर निघते, पण तिचे कारण मात्र चुकीचे सांगितले जाते. निळा आणि काळा हे सिलिकॉनचे दोन प्रकार नव्हेत. प्रकाश परावर्तित होऊन वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक सेलवर सिलिकॉन नायट्राइडचा अतिशय पातळ थर चढवतात. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. ही जाडी आणि थराखालच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा यांवर रंग ठरतो. मोनो सेलवर रसायनाने सूक्ष्म पिरॅमिड उठवलेले असतात. त्यांत प्रकाश अडकतो आणि सेल काळसर दिसतो. पॉलीतले स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी बसलेले असल्याने तिथे असे एकसारखे पिरॅमिड उठत नाहीत, म्हणून निळी झाक उरते. पण थराची जाडी बदलली की मोनोही निळसर दिसू शकतो आणि खास प्रक्रिया केलेला पॉली काळपट होतो. म्हणून रंगापेक्षा पोत पाहावा. उन्हात जवळून पाहिल्यावर बर्फाच्या तुकड्यांसारख्या वेड्यावाकड्या चकत्या दिसल्या तर तो पॉली. सगळीकडे एकच सपाट छटा असेल तर बहुधा मोनो.

दुसरी खूण म्हणजे चार सेलच्या मधला पांढरा चौकोनी ठिपका. मोनोचा सिलिकॉन गोल दंडाच्या रूपात वाढवतात. तो चौकोनी कापताना कोपरे तिरपे राहतात आणि चार कोपरे जुळतात तिथे हिऱ्याच्या आकाराची फट उरते. पॉली साच्यात ओतलेला असल्याने त्याचे कोपरे काटकोनीच निघतात. ठिपका दिसला तर पॅनल मोनो, ही खूण जुन्या पॅनलांपुरती भरवशाची आहे. मात्र ठिपका नाही म्हणून पॉली, असे म्हणता येत नाही. अलीकडच्या मोठ्या मोनो सेलचे कोपरे जेमतेम कापलेले असतात आणि मागची शीट काळी असली तर ती फटही लपते.

सेलवरच्या चंदेरी रेषांबद्दलही असाच घोटाळा होतो. केसासारख्या बारीक रेषा वीज गोळा करतात आणि त्यांना काटकोनात जाणाऱ्या ठळक पट्ट्या, म्हणजे बसबार, ती पुढे नेतात. पूर्वी एका सेलवर दोन-तीन रुंद बसबार असत. आता नऊ, बारा, सोळा बारीक तारा असतात. यावरून पॅनल किती जुन्या घडणीचा आहे याचा अंदाज येतो. पण मोनो की पॉली, हे कळत नाही. पॅनलच्या मधोमध आडवी फट असेल तर सेल अर्धे कापलेले आहेत. अशा पॅनलवर खालच्या अर्ध्या भागात सावली पडली, तरी वरचा अर्धा भाग बहुतांशी चालू राहतो. सेलच न दिसता सगळी काच एकसारखी गडद आणि तिच्यावर फक्त बारीक समांतर रेषा दिसत असतील, तर तो पातळ थराचा, म्हणजे थिन फिल्म पॅनल असतो.

बसवण्याच्या पद्धतीबाबत सर्वांत पक्का गैरसमज असा, की पॅनल जितका तिरपा तितकी वीज जास्त. जालना सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे दक्षिणेकडे तोंड आणि वीसेक अंशांचा कल वर्षभरासाठी पुरतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो उत्तरेकडेच असतो. त्या दिवसांत जास्त कल उलट तोट्याचाच ठरतो.

जालन्याच्या मस्तगडातल्या एखाद्या स्लॅबच्या गच्चीचे उदाहरण घेता येईल. दोन मीटर लांबीचा पॅनल २० अंशांत उभा केला, तर मागची कड पुढच्या कडेपेक्षा सुमारे ६८ सेंटिमीटर वर जाते. डिसेंबरच्या अखेरीस सकाळी साडेनऊच्या सुमारास तिची सावली उत्तरेकडे सुमारे ८५ सेंटिमीटर पोहोचते. म्हणजे दोन रांगांमध्ये किमान पावणेतीन फूट मोकळी जागा हवी. गच्ची वापरात ठेवायची असेल तर उंच खांबांचे स्ट्रक्चर उभारतात. पण वाऱ्याचा जोर त्यावर जास्त येतो, म्हणून खांबांचा पाया पक्का लागतो. पत्र्याच्या छपरावर छपराच्याच उतारात रेल बसवून पॅनल लावतात. तिथे पॅनल आणि पत्रा यांत हवेसाठी फट ठेवावी लागते, कारण तापलेला पॅनल कमी वीज देतो. मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या माळवदावर मात्र मातीत भोके पाडून पाय रोवू नयेत. आधी खालच्या लाकडी तुळयांची ताकद तपासून घ्यावी आणि भार भिंतींवर घ्यावा. शेतातल्या सौरपंपांचे पॅनल बहुधा जमिनीत रोवलेल्या खांबांवर असतात आणि काही स्ट्रक्चरचा कल ऋतूनुसार हाताने बदलता येतो.

पॅनलचा प्रकार आणि क्षमता शेवटी मागच्या लेबलवरच कळते. पत्र्याला लगटून पॅनल बसवला की ते लेबल वाचता येत नाही. म्हणून पॅनल वर चढवण्याआधीच लेबलचा आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवावा.