अंग दुखले म्हणजे अंग भरले काय?

नव्याने व्यायामशाळेत जाऊ लागलेला मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंतीचा आधार घेतो. आई तेल लावून देते, पण पोरगा खूश असतो. दुखते आहे म्हणजे अंग भरणार, असे त्याला जुन्या मुलांनी सांगितलेले असते.

अमेरिकेतील ब्रॅड शोनफेल्ड यांनी २०१० साली स्नायू वाढण्याची तीन संभाव्य कारणे एकत्र मांडली. वजन पेलताना स्नायूवर येणारा ताण, दमलेल्या स्नायूत होणारी रासायनिक उलथापालथ, जिच्यामुळे आग आग होते, आणि तंतूंना होणारी बारीक इजा. पोरांनी यातली इजा तेवढी धरून ठेवली!

ब्राझीलमधील संशोधकांनी २०१६ साली ही इजाच तपासली. दहा तरुणांना त्यांनी दहा आठवडे व्यायाम दिला. पहिल्या आठवड्यात इजा सर्वांत जास्त होती आणि स्नायूत नवीन प्रथिने बनण्याचा वेगही सर्वांत जास्त होता. पण त्या वेगाचा पुढच्या वाढीशी मेळ बसेना. शरीर तेव्हा डागडुजीत गुंतले होते. तिसऱ्या आठवड्यापासून इजा कमी झाली, आणि मग मात्र ज्याची प्रथिने जास्त बनली त्याचा स्नायूही जास्त वाढला.

मग आग होण्याचे काय? कॅनडात २०१२ साली एक प्रयोग झाला. समजा, एखाद्याला पायाने जास्तीत जास्त ४० किलो एकदाच उचलता येते. एका गटाने अशा हिशेबाने ३२ किलो उचलले, दुसऱ्याने फक्त १२ किलो, पण पाय पुढे हलेनासा होईपर्यंत. दहा आठवड्यांनी स्नायूंची वाढ जवळपास सारखी निघाली, ताकद मात्र जड वजनवाल्यांची जास्त वाढली. हलक्या वजनाने सुरुवातीला थोडेच तंतू कामाला लागतात. ते दमले की मोठे तंतू ओझे घेतात आणि ताण त्यांच्यावर येतो. आग होते ती या दमण्याबरोबर. म्हणून आज ताणालाच मुख्य कारण मानतात, बाकी दोहोंबद्दल वाद आहे.

याचा अर्थ महागडी यंत्रे नसली तरी अडत नाही. वहीत लिहून ठेवावे. आज नीट बारा जोर निघाले, तर पुढच्या आठवड्यात चौदा काढायचे. तीसपर्यंत सहज पोचला की पाय पाटावर ठेवून जोर मारायचे, म्हणजे हातांवर भार वाढतो. हळूहळू दुखणे थांबते. व्यायाम लागू पडेनासा झाला, असे त्यावरून समजू नये. वहीतला आकडा वाढतो आहे ना, ते पाहावे.

पहिल्याच दिवशी ईर्ष्येने शेकडो बैठका मारू नयेत. मांड्या टणक सुजल्या, दुखणे असह्य झाले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तेल चोळत बसू नका. तुटलेल्या स्नायूतील द्रव्य मूत्रपिंडात जाऊन ते बंद पडू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.