गोळीचे पहिले पंधरा दिवस

चिंतेवरची गोळी सुरू केली आणि तिसऱ्याच दिवशी धडधड वाढली, हात थरथरायला लागले, रात्री डोळ्याला डोळा लागेना. मानसोपचारतज्ज्ञांना ही तक्रार नवी नाही. रुग्णाला मात्र वाटतं, औषध आपल्याला मानवत नाही. तो गोळी परस्पर बंद करतो, संकोचाने डॉक्टरांकडे फिरकतही नाही आणि उपचार तिथेच तुटतो.

चिंताविकारासाठी सहसा आधी दिली जाणारी औषधं एसएसआरआय या गटातली असतात. एस्सिटालोप्राम आणि सर्ट्रालिन ही त्यातली नेहमीची नावं. मेंदूतल्या पेशींनी सोडलेलं सेरोटोनिन पुन्हा शोषलं जाण्याला ही औषधं अटकाव करतात. हा अटकाव काही तासांतच सुरू होतो. पण वाढलेल्या सेरोटोनिनशी मेंदूला जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. म्हणून त्रास आधी जाणवतो आणि गुण मागाहून येतो. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यांत असतं, त्यामुळे मनाच्या औषधाने पोट ढवळतं यातही नवल नाही.

समजा, नाशिकची पस्तिशीतली एक शिक्षिका आहे. कित्येक महिने तिच्या मनाला सतत घोर लागलेला. डॉक्टर एस्सिटालोप्राम 5 मिलिग्रॅम देतात आणि आठवड्याने 10 करायला सांगतात. दुसऱ्या दिवसापासून मळमळ, डोकेदुखी, वर्गात शिकवताना जांभया. चौथ्या दिवशी नुसती तगमग, एका जागी बसवेना. ती फोन करते. झोप जाते म्हटल्यावर डॉक्टर गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात, चहा-कॉफी कमी करायला लावतात आणि डोस वाढवणं आठवडाभर पुढे ढकलतात. दुसरा आठवडा संपताना मळमळ ओसरते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरच्यांना फरक दिसतो, तिला स्वतःला तो थोडा उशिराच कळतो. पुरता अंदाज यायला सहा ते आठ आठवडे जातात. एक त्रास मात्र आपोआप जाईलच असं नाही: कामेच्छा कमी होणं. त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही, पण त्यावरही डोस किंवा औषध बदलण्याचा मार्ग असतो.

आपल्याकडे आणखी एक गोम आहे. अनेकदा एकाच गोळीत एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपामही असतं. ते त्याच दिवशी शांत करतं, झोप आणतं, म्हणून रुग्ण खूश. पण त्याची सवय लागते, सुस्ती येते, गाडी चालवणं धोक्याचं होतं आणि दारूबरोबर ते घातक ठरू शकतं. सुरुवातीचे काही आठवडे आधार म्हणून ते ठीक. नंतर ते हळूहळू कमी करायचं असतं. त्यामुळे गोळीच्या पाकिटावरची नावं वाचावीत. दोन दिसली, तर दुसरं औषध कधी आणि कसं बंद करायचं, हे पहिल्याच भेटीत विचारावं.

त्याच भेटीत बाकीची औषधंही सांगायला हवीत, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध यांच्यासोबत सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. वयस्कर माणूस रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. अशा वेळी घरातल्यांना वाटतं, आजोबा वयामुळे गोंधळलेत. गरोदरपण आणि हृदयाचा आजारही सांगावा. शिवाय स्वतःच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या आयुष्यात झोपेशिवाय दिवसच्या दिवस उत्साह उतू गेला, बेफाम खर्च झाला असा काळ येऊन गेला असेल, तर तो आवर्जून सांगावा. बायपोलर आजारात ही गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला नेऊ शकते.

नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटल्याने डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. गोळी किती वाजता घेतली, त्रास कितव्या दिवशी सुरू झाला, वाढतोय की ओसरतोय, हे वहीत लिहिलं तर निर्णय सोपा होतो.

मळमळीला थोडे दिवस देता येतात, काही लक्षणांना मात्र नाही. आत्महत्येचे विचार आले, अस्वस्थता असह्य झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. 25 वर्षांखालच्यांत पहिल्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं. ताप, स्नायू ताठणं किंवा झटके देणं आणि भ्रम एकत्र दिसले, तर थेट रुग्णालय. गोळी एकदम तोडली तर चक्कर आणि चिडचिड होते, म्हणून बंद करायची तीही डॉक्टरांना विचारूनच. रात्री-अपरात्री मनात जीव देण्याचे विचार आले आणि डॉक्टर भेटत नसतील, तर केंद्र सरकारच्या टेली मानसचा 14416 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो.