‘बघू’ म्हणू नका, ‘यंदा नको’ म्हणा

गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीकडे हल्ली सर्वांत जास्त कोण येत असेल, तर गच्चीवर सोलर बसवून देणारे. ‘पीएम सूर्यघर’ योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात संस्थेच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. त्यामुळे प्रस्ताव चांगला असतो, आणलेला माणूसही बऱ्याचदा चांगला असतो. तरीही नकार द्यावा लागतो, आणि तिथेच बहुतेक कमिट्या अडखळतात.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पंधरा-वीस वर्षांची इमारत, गच्चीला ओल. कमिटीने पुढच्या हिवाळ्यात वॉटरप्रूफिंग करायचे ठरवले आहे. तेवढ्यात एक विक्रेता २० किलोवॅटचा प्रस्ताव घेऊन येतो. एवढ्या यंत्रणेला ढोबळमानाने दोन हजार चौरस फूट मोकळी गच्ची लागते. पॅनेल २५ वर्षे टिकतील अशा बेताने बसवलेली असतात. खालच्या गळतीसाठी वर्षभरात सांगाडा उतरवून पुन्हा चढवायचा, तर तो खर्च संस्थेच्याच माथी. म्हणजे सोलर हवे आहे, पण आत्ता नको.

अशा वेळी सेक्रेटरी म्हणतात, “बघू, मीटिंगमध्ये ठेवतो.” आपल्याकडे हा नकारच, पण विक्रेत्याच्या वहीत त्याची नोंद ‘इच्छुक ग्राहक’ अशी होते. मग दर आठवड्याला फोन येतो. महिनाअखेरीला टार्गेट असते, तेव्हा रोज येतो. त्यात त्याचा दोष नाही. दार उघडे आहे असे त्याला आपणच सांगितलेले असते.

दुसरी पळवाट म्हणजे “महाग पडतंय.” कारण खरे नसेल तर हे मुळीच बोलू नये. दोन दिवसांत तो सवलत घेऊन येतो आणि आता नाही म्हणायला आपल्याकडे तोंड उरत नाही. कारण असे द्यावे, जे खरे आहे आणि जे त्याला सोडवता येणार नाही. इथे ते गच्चीचे काम आहे. अर्थात, “वॉटरप्रूफिंगही आम्हीच करून देतो” असेही उत्तर येऊ शकते. म्हणून कारणाआधी निर्णय सांगायचा आणि तो कमिटीचा आहे हे सांगायचे. सेक्रेटरी एकटा असल्याचे दिसले, की त्याला वळवण्याचा प्रयत्न होतोच.

तोंडी बोलून झाले तरी चार ओळी लिहून पाठवाव्यात:

“सप्रेम नमस्कार. आपण संस्थेत येऊन सोलरचा प्रस्ताव नीट समजावून सांगितलात, त्याबद्दल आभारी आहोत. व्यवस्थापक समितीने हा प्रस्ताव यंदा न स्वीकारण्याचे ठरवले आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग पूर्ण होईपर्यंत आम्ही तिथे कोणतीही यंत्रणा बसवणार नाही. दर कमी झाला तरी हा निर्णय बदलणार नाही. ते काम झाल्यावर पुढील एप्रिलनंतर आम्ही दरपत्रके मागवू, तेव्हा आपल्यालाही पत्र पाठवू. तोवर कृपया फोन करू नये. संपर्काचा पत्ता बदलल्यास ईमेलने कळवावे.”

या पत्रात ‘सध्या तरी’, ‘शक्यतो’, ‘क्षमस्व’ हे शब्द नाहीत. पहिल्या दोन शब्दांनी नकार ढिला पडतो आणि तिसऱ्याने आपण काही अपराध केला असे वाटते. पुढच्या भेटीची वेळ ठरवली आहे, पण काम देण्याचे वचन दिलेले नाही. दरपत्रक मागवू, एवढेच म्हटले आहे. कमिटीला पुढे इतरांचीही दरपत्रके पाहायची असतात, त्यामुळे याहून एक शब्दही जास्त लिहू नये.

“अनुदान या महिन्यापुरतेच आहे” असे कोणी म्हटले, तर वाद घालू नका. “योजनेच्या पोर्टलवर पाहून घेतो, पण निर्णय तोच आहे” एवढेच म्हणा. पोर्टल pmsuryaghar.gov.in हे आहे. विक्रेता योजनेत नोंदलेला आहे की नाही, हेही तिथेच तपासावे.

नकार ठरलाच असेल, तर तो पाहणीच्या आधी द्यावा. गच्चीची मापे घ्यायला, सावली कुठे पडते ते बघायला त्याचा तंत्रज्ञ अर्धा दिवस घालवतो. ‘फुकट आहे तर करून घेऊ’ हा विचार मला अप्रामाणिक वाटतो. त्याच्या दरपत्रकाचा आकडा दुसऱ्या विक्रेत्याला दाखवणे तर त्याहून वाईट. ही माणसे एकमेकांना ओळखतात, आणि पुढच्या वर्षी मनापासून दर द्यायला कोणी येत नाही.

कमिटी बदलते, सेक्रेटरी बदलतो. म्हणून या पत्राची प्रत फाइलला लावा आणि कोणाला कधी कळवायचे आहे, याची नोंद समितीच्या इतिवृत्तात घ्या. एप्रिल उलटल्यावर कळवण्याची तयारी नसेल, तर पत्रातले ते वाक्य आजच काढून टाका.