‘अनय’चा अर्थ कोशात शोधताना

बाळाच्या नावांच्या संकेतस्थळांवर Anaya या रोमन नोंदीखाली ‘ज्याच्याहून श्रेष्ठ कोणी नाही’ असा अर्थ आढळतो. तो तपासण्याआधी नाव देवनागरीत ठरवावे लागते. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ लपते, आणि अनय, अनया, अनाया हे एकच दिसू लागतात.

‘अनय’ आपट्यांच्या किंवा मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात पाहिला, तर अर्थ निघतो दुर्वर्तन, अन्याय, संकट. फोडही सरळ आहे: नय म्हणजे नीती आणि ‘अ’ नकार दाखवणारा. श्रेष्ठत्वाचा तिथे मागमूस नाही. ‘विष्णूचे नाव’ असेही सांगितले जाते. तसे असेल तर विष्णुसहस्रनामात ते दिसायला हवे. तिथे ‘अनय’ येतो खरा, ‘नयोऽनयः’ असा. भाष्यकार त्याची फोड ‘ज्याला नेणारा कोणी नाही’ अशी करतात. म्हणजे संकेतस्थळाचा अर्थ अगदीच हवेतला नाही, फक्त तो त्या एका संदर्भापुरता आहे.

मोनियर-विल्यम्समध्ये अर्थापुढे L. असेल, तर तो अर्थ जुन्या कोशकारांनीच दिलेला असतो, ग्रंथांत वापरलेला सापडलेला नसतो. नाव कोशात मुळीच नसेल, तर ते फारसी, अरबी किंवा अलीकडे जुळवलेले असू शकते. अशा वेळी संस्कृत कोशाचा उपयोग नाही.