पाचव्या क्रमांकावर किती जण?

बारा मुलांच्या एका तुकडीचे गणिताचे गुण एक्सेलमध्ये भरले आहेत असं समजू. A कॉलममध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये शंभरपैकी गुण. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत, म्हणून मुलं दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत आहेत. हजेरीच्या क्रमाने गुण असे: अदिती ७८, ओंकार ९१, सानिया ८४, रोहन ९१, मृणाल ८८, फरहान ६७, गौरी ९५, तेजस ८४, पूजा ७३, यश ८४. अकरावी नेहा परीक्षेला आली नव्हती, म्हणून तिच्यापुढे आकड्याऐवजी ‘गैरहजर’ असं लिहिलं आहे. बारावा समीर, ५९. आता फलकावर लावायला पहिल्या पाच जणांची यादी हवी आहे.

बारा नावं डोळ्यांनी शोधता येतात. पण शाळेच्या चार तुकड्या एकत्र केल्या की दोनशे ओळी होतात, आणि एका मुलाच्या फेरतपासणीत दोन गुण वाढले की सगळं पुन्हा करावं लागतं. फॉर्म्युल्याने केलेली यादी गुण बदलताच आपोआप बदलते.

F कॉलममध्ये F2 पासून खाली 1 ते 5 हे आकडे लिहायचे. शेजारी G2 मध्ये हा फॉर्म्युला द्यायचा आणि खाली ओढायचा:

```
=LARGE($C$2:$C$13,F2)
```

LARGE दिलेल्या आकड्यांतला सर्वांत मोठा, दुसरा मोठा, तिसरा मोठा असा हवा तो आकडा काढून देतं. कितवा हवा ते F2 सांगतं. ‘गैरहजर’ हा मजकूर असल्यामुळे LARGE तो सोडून देतं. डॉलरची चिन्हं टाळून चालत नाही. ती नसली तर फॉर्म्युला खाली ओढताना C2:C13 चं C3:C14 होतं, मग C4:C15, आणि वरची मुलं एकेक करून मोजणीतून बाहेर पडतात.

G कॉलममध्ये आता ९५, ९१, ९१, ८८, ८४ असे आकडे येतात. इथवर सगळं बरोबर आहे, पण आकड्यांना नावं जोडायची राहिली. त्यासाठी H2 मध्ये सहसा हे लिहितात:

```
=INDEX($B$2:$B$13,MATCH(G2,$C$2:$C$13,0))
```

यातलं MATCH गुणांच्या कॉलममध्ये तो आकडा कितव्या जागी आहे ते शोधतं. ९५ सातव्या जागी आहे, म्हणून उत्तर ७. मग INDEX नावांच्या कॉलममधलं सातवं नाव उचलतं: गौरी. शेवटचं शून्य म्हणजे ‘तंतोतंत तोच आकडा शोध’. ते विसरलं तर एक्सेल यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून शोधतं. हजेरीच्या क्रमाने भरलेले गुण तसे नसतात, त्यामुळे भलतंच नाव येऊ शकतं आणि पडद्यावर चुकीची सूचनाही दिसत नाही.

शून्य नीट दिलं तरी H कॉलममध्ये नावं येतात ती अशी: गौरी, ओंकार, ओंकार, मृणाल, सानिया. ओंकार दोनदा आला आणि रोहन गायब झाला. कारण साधं आहे. MATCH वरून खाली शोधत जातं आणि पहिला ९१ सापडला की थांबतं. दुसऱ्यांदा तोच ९१ विचारला तर ते पुन्हा वरूनच सुरुवात करतं आणि पुन्हा ओंकारपाशीच थांबतं.

ही चूक निदान दिसते तरी. एकच नाव दोनदा आलं की कुणीही विचारेल. खरी काळजी करावी ती पाचव्या ओळीची. तिथे सानियाचं नाव एकदाच आहे, शेजारी ८४ आहे, दोन्ही खरं आहे. पण तेजस आणि यश यांनाही ८४ च आहेत. ते यादीत नाहीत आणि ते नसल्याची काही खूणही पानावर नाही. सानिया आत आली ती हजेरीत तिचा क्रमांक आधी आहे एवढ्यानेच. बहुतेक शाळांत हजेरी आडनावाच्या अक्षरावरून लावतात, म्हणजे वर्षानुवर्षं मागच्या अक्षरांची मुलं या शेवटच्या जागेला मुकत राहतात. ओंकारच्या पुनरुक्तीपेक्षा मला हे जास्त गंभीर वाटतं.

आधी पुनरुक्ती सोडवू. MATCH अडखळतं ते दोन आकडे हुबेहूब सारखे असल्यामुळे. म्हणून D हा मदतीचा कॉलम करायचा आणि त्यात प्रत्येकाच्या गुणांतून त्याच्या ओळीच्या क्रमांकाचा अगदी बारीक अंश वजा करायचा. D2 मध्ये:

```
=IF(ISNUMBER(C2),C2-ROW()/10000,"")
```

ओंकार तिसऱ्या ओळीत आहे, त्याचे ९०.९९९७ होतात. रोहन पाचव्या ओळीत, त्याचे ९०.९९९५. दोघांत आता फरक पडला, पण तो इतका लहान आहे की ८८ वाली मृणाल किंवा ९५ वाली गौरी यांच्या जागा हलत नाहीत. ISNUMBER ची अट नेहासाठी आहे. ती नसती तर ‘गैरहजर’ मधून वजाबाकी करायला गेल्यावर #VALUE! आलं असतं आणि मग D कॉलमवरचं LARGE सुद्धा तीच चूक दाखवत बसलं असतं.

H2 मधला शोध आता D मध्ये करायचा:

```
=INDEX($B$2:$B$13,MATCH(LARGE($D$2:$D$13,F2),$D$2:$D$13,0))
```

नावं येतात: गौरी, ओंकार, रोहन, मृणाल, सानिया. G कॉलम बदलायची गरज नाही. तिथे मूळ गुणच दिसत राहतात, D लपवून ठेवता येतो.

या युक्तीला एक मर्यादा आहे. वजा केलेला अंश गुणांमधल्या सर्वांत लहान फरकापेक्षा लहानच असायला हवा. पूर्ण गुण असतील, अर्धा गुण दिलेला असेल, तर दहा हजाराने भागणं पुरतं. पण टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत असेल तर पुरत नाही. समजा दीडशेव्या ओळीतल्या मुलीला ८४.३४ टक्के आहेत आणि विसाव्या ओळीतल्या मुलाला ८४.३३. वजाबाकीनंतर तिचे ८४.३२५ होतात आणि त्याचे ८४.३२८. कमी टक्केवाला वर गेला. अशा वेळी 10000 च्या जागी 10000000 लिहायचं. अंश मोठा झाला आहे का हे ओळखायची खूण म्हणजे यादीतलं नाव मूळ तक्त्यात शोधावं आणि G मधला आकडा त्याच्याच पुढे आहे का ते पाहावं. वरची जागा बदलली असेल तर आकडा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असं दिसतं.

आता पाचवी ओळ. कुणाला आत घ्यायचं हा निर्णय शाळेचा आहे, तो ROW() ने घेऊ नये. तीन मुलांना पाचव्या जागेचे गुण असतील तर तिघांनाही घ्यावं, असं माझं मत आहे, आणि ते करायला एक सेल पुरतो. K1 मध्ये:

```
=COUNTIF($C$2:$C$13,">="&LARGE($C$2:$C$13,5))
```

पाचव्या जागेवरचे गुण ८४. तितके किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारे किती, तर ७. म्हणजे यादी सात नावांची हवी. F कॉलममधले आकडे 12 पर्यंत वाढवायचे आणि G व H मधले फॉर्म्युले `=IF(F2>$K$1,"", … )` या अटीत गुंडाळून खाली ओढायचे. पहिल्या सात ओळी भरतात, खालच्या रिकाम्या राहतात. पुढच्या चाचणीत पाचव्या जागी एकच जण असेल तर यादी आपोआप पाच नावांची होईल.

नावांपुढे छापायचा क्रमांक F मधून घेऊ नये. तिथे ओंकार दुसरा आणि रोहन तिसरा दिसेल, आणि त्याला काहीच आधार नाही. `=RANK(G2,$C$2:$C$13)` लिहिलं तर १, २, २, ४, ५, ५, ५ असे क्रमांक येतात. ओंकार आणि रोहन दुसरा क्रमांक विभागून, मृणाल चौथी, बाकीचे तिघे पाचवा विभागून.

काही शाळांची पद्धत वेगळी असते. दोघांनी दुसरा क्रमांक विभागून घेतला तरी पुढची मुलगी तिसरी धरतात, म्हणजे त्यांना वरचे पाच वेगवेगळे गुण हवे असतात. तेव्हा वेगळ्या पानावर A2 मध्ये गुणांच्या कॉलमचं MAX घ्यायचं आणि त्याखाली प्रत्येक वेळी ‘आतापर्यंत जितके जण झाले, त्यांच्या पुढचा’ असं विचारायचं. मूळ पानाचं नाव Marks असेल तर A3 मध्ये:

```
=LARGE(Marks!$C$2:$C$13,COUNTIF(Marks!$C$2:$C$13,">="&A2)+1)
```

यातून ९५, ९१, ८८, ८४, ७८ मिळतात आणि ७८ वाली अदितीही यादीत येते. आता मुलं आठ झाली. दोन्ही पद्धती चालतात, फक्त बक्षिसं मागवण्याआधी कुठली ते ठरलेलं असावं.

तिसरा मार्ग म्हणजे बरोबरी मोडणं. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेनमध्ये एकूण गुण सारखे असले की आधी गणिताचे, मग भौतिकशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे गुण पाहतात. शाळेत जागा खरंच मोजक्या असतील तर असा नियम आधी जाहीर करून D कॉलममध्ये बसवता येतो. C मध्ये पूर्णांकातली एकूण बेरीज आणि E मध्ये शंभरपैकी गणिताचे पूर्ण गुण असतील, तर `C2+E2/1000-ROW()/10000000` असं लिहायचं. एकूण गुणांना पहिला मान, सारखे असतील तर गणिताला, आणि तेही सारखे असतील तरच ओळीच्या क्रमाला.

ज्यांच्याकडे एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे त्यांना मदतीच्या कॉलमशिवाय एका सेलमध्ये पूर्ण यादी मिळते:

```
=SORT(FILTER(B2:C13,ISNUMBER(C2:C13)*(C2:C13>=LARGE(C2:C13,5))),2,-1)
```

बरोबरीची तिन्ही मुलं यात आपोआप येतात. ISNUMBER चा तुकडा मात्र गाळू नये. थेट तुलना करताना एक्सेल कुठल्याही मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं मानतं, म्हणून ‘गैरहजर’ हे ८४ पेक्षा मोठं ठरतं. उतरत्या क्रमात मजकूर आकड्यांच्याही वर बसतो. म्हणजे परीक्षेला न आलेली नेहा गौरीच्या वर, यादीत पहिली छापली जाते.