मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी: खर्च एकत्र, कायदे वेगळे

फ्लॅट घेताना एजंट खर्चाचा जो कागद हातात देतो, त्यात बहुधा एकच ओळ असते: 'रजिस्ट्रेशनचा खर्च'. या एका ओळीत दोन वेगळ्या रकमा दडलेल्या असतात. एक मुद्रांक शुल्क, म्हणजेच स्टँप ड्युटी. दुसरी नोंदणी फी. दोन्ही सरकारजमा होतात आणि बहुतेक वेळा एकाच चलनाने भरल्या जातात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पण दोघांमागचे कायदे वेगळे, हिशेब वेगळे आणि चूक झाली तर होणारे नुकसानही वेगळे.

मुद्रांक शुल्क हा दस्तावरचा कर आहे. तो महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली लागतो. नोंदणी फी ही सरकार जे काम करून देते त्याची फी आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे दुय्यम निबंधक तुमचा दस्त तपासतो, दोन्ही बाजूंचे फोटो आणि अंगठे घेतो आणि व्यवहार सरकारी दप्तरात कायमचा नोंदवतो.

पुणे महापालिका हद्दीतल्या एका जुन्या फ्लॅटचे उदाहरण घेऊ. ठरलेली किंमत ६२ लाख रुपये. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारच्या वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणे, त्याच फ्लॅटचे बाजारमूल्य ६६ लाख. शुल्क या दोहोंपैकी जास्त रकमेवर, म्हणजे ६६ लाखांवर लागते. पुण्यात मूळ दर ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रोचा १ टक्का अधिभार, असे मिळून ७ टक्के होतात. मुद्रांक शुल्क झाले ४ लाख ६२ हजार रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. त्यामुळे ६६ हजार न भरता ३० हजारच भरायचे. फ्लॅट दोन कोटींचा असला तरी फी तेवढीच राहते. मुद्रांक शुल्क मात्र किमतीबरोबर वाढत जाते.

हाच फ्लॅट फक्त स्त्रीच्या नावावर घेतला, तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे ६६ हजार रुपये वाचतात. पतीचे नाव सहखरेदीदार म्हणून घातले, की ही सवलत जाते. नोंदणी फीत अशी सवलत नाही.

खरा घोटाळा होतो तो मुदतीत. मुद्रांक शुल्क दस्तावर सह्या करण्यापूर्वी, सह्यांच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावे लागते. नोंदणीसाठी मात्र सह्यांच्या तारखेपासून चार महिने मिळतात. १० एप्रिलला सह्या झाल्या, तर १० ऑगस्टपर्यंत दस्त निबंधकापुढे हजर करायला हवा. त्यापुढे आणखी चार महिने दंड भरून नोंदणी होऊ शकते, पण हा दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

काही जण स्टँप ड्युटी भरली, आता घर आपले झाले, असे समजून निर्धास्त होतात. लाखो रुपये भरलेले असले, तरी नोंदणी न झालेल्या खरेदीखताने मालकी मिळत नाही. उलट बाजूही आहे. शुल्क कमी भरले असेल, तर तो दस्त कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. आधी राहिलेले शुल्क भरावे लागते आणि त्यावर दरमहा २ टक्के दंडही द्यावा लागतो.

व्यवहार मोडला, तर हा फरक आणखी ठळक होतो. विक्री करारनामा नोंदवल्यावर ताबा घेण्यापूर्वी, पाच वर्षांच्या आत, नोंदणीकृत रद्दलेखाने तो रद्द केला, तर मुद्रांक शुल्काचा परतावा मागता येतो. त्यासाठी रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. नोंदणी फी मात्र परत मिळत नाही, कारण ज्या कामासाठी ती घेतली ते काम झालेले असते.

नोंदणीनंतर मिळणारी सूची क्रमांक २ नीट वाचा. रकाना २ मध्ये मोबदला आणि ३ मध्ये बाजारभाव असतो. ९ मध्ये दस्त करून दिल्याची तारीख आणि १० मध्ये नोंदणीची तारीख असते. १२ मध्ये मुद्रांक शुल्क आणि १३ मध्ये नोंदणी शुल्क वेगवेगळे लिहिलेले असतात. हे आकडे चलनाशी जुळवून पाहा आणि मगच एजंटच्या 'रजिस्ट्रेशनच्या खर्चा'चा हिशेब मिटवा. चलनात आणि सूचीत नसलेली रक्कम त्याने कशासाठी लावली, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.