नऊ दिवसांच्या गोळ्या

माझा भाचा बर्मिंगहॅमला शिकतो. तिथल्या मेडिकल कॉलेजांसाठी अर्ज करायचा, तर आपल्याविषयी एक निवेदन लिहावं लागतं आणि मुलाखतीत त्यातल्याच एखाद्या वाक्यावर बोट ठेवून प्रश्न विचारले जातात. 2026च्या प्रवेशांपासून या निवेदनाचे तीन प्रश्नांत भाग केले आहेत. हा विषय का निवडला, आजवरच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही उत्तरं मिळून मोकळ्या जागांसकट चार हजार अक्षरं.

त्याने पहिला मसुदा मला पाठवला. सुरुवात होती, 'आजोबांच्या आजारपणामुळे मला रुग्णसेवेची प्रेरणा मिळाली.' मी त्याला फोन केला. म्हटलं, हे वाक्य कुणाच्याही आजोबांना लागू पडेल. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास, मिरजेच्या घरात होतास. तुझ्या हातात काय काम होतं, ते सांग.

काम होतं मिस्ड कॉल द्यायचं. 2018 साली आजोबांना फुप्फुसाचा टीबी झाला. सरकारी उपचार सहा महिन्यांचे, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सगळी औषधं एकाच गोळीत मिसळलेली असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. आजोबांना तीन होत्या. त्या वेळी स्ट्रिपवर एक कागदी वेष्टन यायचं. गोळी दाबून बाहेर काढली, की मागचा कागद फाटून एक फोन नंबर दिसायचा. त्यावर फुकट कॉल लावला, की त्या दिवसाचा डोस घेतल्याची नोंद आरोग्य केंद्राकडे व्हायची. आजोबांना बारीक आकडे दिसत नसत, म्हणून फोन नातू लावायचा.

तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, अंगावर थोडं मांस आलं. एका सकाळी आजोबा म्हणाले, "तू फोन लाव रे, मी घेतो नंतर." गोळ्या त्यांनी बंडीच्या खिशात टाकल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. नातू फोन लावत राहिला. नोंदीत एकही दिवस चुकलेला नव्हता.

घरी आलेल्या आशाताईंनी नोंद पाहिली आणि तरीही विचारलं, "काका, लघवी लालसर होते ना अजून?" रिफाम्पिसिन हे यातलं औषध लघवीला नारिंगी-लाल रंग आणतं आणि ते सहाही महिने चालू असतं. आजोबा गप्प बसले. नातवाला मात्र ठाऊक होतं. सुरुवातीला तो रंग बघून तोच घाबरला होता, आणि हल्ली रंग दिसत नाही हेही त्याच्या लक्षात आलं होतं. तो म्हणाला, "नऊ दिवस झाले."

आशाताई रागावल्या नाहीत. गोळ्यांनी काय होतं, एवढंच विचारलं. सकाळी उपाशीपोटी तीन मोठ्या गोळ्या घेतल्या की दिवसभर मळमळायचं, जेवण जायचं नाही. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, थोडं खाऊन गोळ्या घ्यायला सांगितलं आणि चुकलेले दिवस शेवटी वाढवून दिले. मधेच औषध सोडलं, तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि त्यांत औषधाला दाद न देणारे निघाले, तर पुढचे उपचार फार अवघड होतात. बरं वाटू लागल्यावरचे महिने म्हणूनच सर्वांत धोक्याचे.

मला वाटतं, निवेदनाचा ऐवज इथे आहे. भाच्याने दुसऱ्या मसुद्यात 'माझ्यामुळे आजोबा बरे झाले' असं सुचवलं होतं. ते मी खोडायला लावलं, कारण ते खरं नव्हतं आणि मुलाखतीत पहिल्या उलटप्रश्नाला ते कोसळलं असतं. त्याने आजोबांना वाचवलं नाही. तो नऊ दिवस खोट्या नोंदीत सामील होता. हे लिहायला धीर लागतो, पण परीक्षकांना विचारण्याजोगं काही त्यातच असतं. लगेच का सांगितलं नाहीस? आज एखादा रुग्ण म्हणाला, कुणाला सांगू नका, तर काय करशील?

शेवटी जे उरलं ते सहा वाक्यांचं होतं. त्याचा मराठीत गाभा असा: 'मी रोज फोन लावत होतो. फोनमुळे गोळी पाकिटातून निघाली एवढंच कळत होतं, पोटात गेली का ते कळत नव्हतं. ताईंनी रंगाविषयी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, पण आठ दिवस उशिरा. आजोबांना रागावतील या भीतीने मी गप्प होतो. त्यांना मळमळतं हे मीही कधी विचारलं नव्हतं. आता एका वृद्धाश्रमात शनिवारी मदतीला जातो, तेव्हा औषध घेतलं का याआधी ते घेतल्यावर कसं वाटतं, हे विचारतो.'

प्रेरणा हा शब्द त्यात कुठेच नाही. वृद्धाश्रमाच्या वाक्याची शहानिशाही करता येते, कारण तिथे तो खरोखर जातो.

एक गोष्ट राहिली होती. दुसऱ्याच्या आजाराविषयी लिहायचं, तर त्या माणसाला विचारायला हवं. त्याने मिरजेला फोन लावला आणि मजकूर मराठीत वाचून दाखवला. आजोबांनी तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "गोळ्या खिशात ठेवल्या ते लिहिलंस ते बरोबर आहे. मळमळायचं तेही राहू दे."